हायरोफंटची दोन उघडी आणि दोन मिटलेली बोटे

*ताई, आमचे लग्न ठरले आहे. दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांना सगळे विधी यथासांग व्हावेत असे वाटते. आम्हा दोघांना मात्र मोजक्या माणसांसमोर एकमेकांना वचन द्यावे आणि तेवढ्यावर थांबावे असे वाटते. ‘पारंपरिक की साधे?’ असे विचारून मी टॅरोच्या रायडर-वेट डेकमधून एक कार्ड काढले, तर हायरोफंट सरळ आला. मैत्रीण म्हणाली, हा परंपरेचा स्पष्ट कौल आहे. ते ऐकून माझा घसा दाटून आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा कार्ड काढले, तर तोच आला, पण उलटा. आता कोणते कार्ड खरे मानू?*
*– द्विधेत सापडलेली एक वाचक*

सप्रेम नमस्कार.

पहिले कार्ड खरे माना आणि दुसरे बाजूला ठेवा. तेच कार्ड लागोपाठ दोन दिवस येणे विलक्षण वाटते हे मला कळते, पण त्याचे कारण पुष्कळदा आपल्या हातांत असते. कार्ड वाचून झाले की आपण ते बहुधा गड्डीच्या वरच ठेवतो, दुसऱ्या दिवशी हातातल्या हातात चार-सहा वेळा पिसतो आणि गड्डी कापतो. पत्त्यांच्या साध्या, 52 पानांच्या कॅटचे दोन भाग करून ते एकमेकांत गुंफत पिसले, तरी तो नीट मिसळायला साधारण 7 फेऱ्या लागतात. टॅरोची 78 कार्डे हातातल्या हातात वरवर पिसून तितकी मिसळत नाहीत, आणि कापताना अर्धी गड्डी फिरली की त्यातली कार्डे उलटी होतात. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. पहिल्या दिवशी तुम्ही प्रश्न विचारला होता, दुसऱ्या दिवशी उत्तर बदलून मागितले. अशा वेळी जे कार्ड येईल ते आपण ऐकत नाही, आपल्या बाजूचा साक्षीदार म्हणून उभे करतो.

शिवाय उलटा हायरोफंट म्हणजे बंडखोरी, रूढी मोडण्याची मुभा, हा अर्थ आज सर्रास सांगितला जात असला, तरी तो या डेकच्या कर्त्याने दिलेला नाही. आर्थर एडवर्ड वेट यांनी या कार्डाच्या उलट्या बाजूला जे शब्द दिले ते असे: समाज, परस्परांची चांगली समजूत, एकोपा, फाजील दयाळूपणा आणि दुबळेपणा. म्हणजे दुसरे कार्ड तुम्ही खरे मानले असते, तरी त्यातून ‘साधेच करा’ असे उत्तर निघाले नसते. उलट, सगळ्यांचे मन राखण्याच्या भरात आपण कुठे ढिले पडतो आहोत, असा प्रश्न त्याने विचारला असता.

आता सरळ आलेल्या कार्डाकडे वळू. वेट यांच्या यादीत सरळ हायरोफंटचा पहिलाच अर्थ ‘विवाह’ असा आहे. त्याच्यामागोमाग मैत्रीचा करार येतो, आणि मग कोणताही आडपडदा न ठेवता ‘बंदिवास’ आणि ‘दास्य’ हे शब्द येतात. पुढे दया, चांगुलपणा, स्फूर्ती आणि प्रश्नकर्ता ज्याच्याकडे आधारासाठी जातो तो पुरुष, असे अर्थ आहेत. तुमच्या मैत्रिणीने या यादीतला सोयीचा भाग उचलला. विवाह आणि बंदिवास हे दोन शब्द एकाच कार्डाच्या एकाच, सरळ बाजूला शेजारी शेजारी बसले आहेत, आणि ते एकत्र का बसले आहेत हाच माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे. एखादा विधी माणसाला सांधतो की जखडतो, हे विधी जुना की नवा, लांब की आखूड, यावरून ठरत नाही. मग कशावरून ठरते, ते कार्डाच्या नावात आणि चित्रात आहे.

जुन्या फ्रेंच गड्ड्यांमध्ये या पाचव्या कार्डाचे नाव ‘पोप’ असे होते. 1781 मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने टॅरोचे मूळ प्राचीन इजिप्तमध्ये आहे असे मांडताना त्याला हायरोफंटांचा प्रमुख म्हटले. त्याचा इजिप्तचा दावा पुढे टिकला नाही, पण हे नाव रुळले. हायरोफंट हा मूळ ग्रीक शब्द आहे. अथेन्सजवळच्या एल्युसिस येथील गूढविधींचा प्रमुख पुरोहित या नावाने ओळखला जाई, आणि शब्दाचा अर्थ आहे ‘पवित्र ते दाखवणारा’. दीक्षा घ्यायला आलेल्यांना पवित्र वस्तू दाखवणे हे त्याचे काम होते. ‘दाखवणारा’ हा शब्द मनात धरून ठेवावा, कारण जो नुसता करवून घेतो आणि काहीच दाखवत नाही, तो हायरोफंटच्या आसनावर बसला असला तरी हायरोफंटचे काम करत नसतो.

1909 साली प्रसिद्ध झालेल्या तुमच्या डेकमधले चित्र पामेला कोलमन स्मिथ यांनी काढले आहे. कार्ड समोर घेऊनच पुढचे वाचावे. दोन खांबांमध्ये तिहेरी मुकुट घातलेला पुरोहित बसला आहे, डाव्या हातात तीन आडव्या दांड्यांचा क्रूस आहे, उजवा हात आशीर्वादासाठी उचललेला आहे. पायाशी दोन किल्ल्या एकमेकींवर आडव्या ठेवल्या आहेत. समोर दोन शिष्य गुडघे टेकून आहेत आणि त्यांची पाठ आपल्याकडे आहे. एकाच्या वस्त्रावर गुलाब आहेत, दुसऱ्याच्या वस्त्रावर लिली. बहुतेक वाचक मुकुट आणि आसन पाहून ‘परंपरा’ म्हणतात आणि थांबतात. लग्नाच्या प्रश्नात मात्र मी आधी त्या दोन पाठमोऱ्या माणसांकडे पाहते.

याच्या पुढचे, सहावे कार्ड आहे ‘लव्हर्स’. दोन्ही कार्डे शेजारी ठेवली तर रचना सारखी दिसते: वर एक मोठी आकृती, खाली दोन माणसे. पण सहाव्या कार्डात ती दोघे उभी आहेत, त्यांचे चेहरे आपल्याला दिसतात, पुरुष स्त्रीकडे पाहतो आहे आणि स्त्री वर देवदूताकडे. पाचव्या कार्डात दोघे एकमेकांकडे पाहतच नाहीत, दोघांचीही तोंडे पुरोहिताकडे आहेत. हीच रचना पुढे पंधराव्या कार्डात, ‘डेव्हिल’मध्ये परत येते, आणि तिथे दोघांच्या गळ्यात साखळ्या आहेत, त्याही इतक्या सैल की मान बाहेर काढता यावी. विवाह, प्रेम आणि बंधन या तिन्ही गोष्टी एकाच साच्यात काढलेल्या आहेत. वेट यांच्या यादीत विवाहाजवळ बंदिवास का बसला आहे, ते या तीन चित्रांवरून मला सर्वांत स्पष्ट कळते.

तुमचा घसा दाटून आला, ते मी याच जागी ठेवून पाहते. ‘परंपरेचा कौल’ हे शब्द ऐकताच, आपल्या लग्नात आपण दोघे एकमेकांना दिसणारच नाही, फक्त समोरच्याने सांगितलेले करत राहू, अशी भीती तुम्हाला वाटली असावी, असा माझा अंदाज आहे. तो चुकला असेल तर खोडून टाका. बरोबर असेल, तर तुमची अडचण विधींच्या संख्येची नाही. काही क्षण पुरोहिताकडे पाहावेच लागेल, पण संपूर्ण सोहळ्यात एकमेकांकडे पाहण्याचा क्षण कुठे आहे, हे तुम्हाला आधी माहीत असायला हवे आहे.

आता उचललेला उजवा हात पाहा. त्याची दोन बोटे वर आहेत आणि दोन मिटलेली आहेत. वेट यांनी या मुद्रेचा अर्थ स्वतःच सांगितला आहे: शिकवणीचा एक भाग उघड असतो आणि एक भाग झाकलेला असतो. लग्नाच्या प्रश्नासाठी हायरोफंट आला की मी जोडप्याला या हातावरूनच एक काम देते, आणि ते तुम्हालाही करायला सांगते. एका कागदावर दोन स्तंभ आखावेत. डावीकडे, उघड्या बोटांच्या बाजूला, घरचे ज्या ज्या विधींचा आग्रह धरतात ते एकेक लिहावेत आणि तिथे फक्त डोळ्यांना दिसणारी कृती नोंदवावी: कोण उभे राहते, कोण काय बोलते, कोण कुणाला काय देते. उजवीकडे, मिटलेल्या बोटांच्या बाजूला, त्या कृतीचा अर्थ लिहावा. आधी तुम्हाला माहीत असेल तो लिहा. मग ज्या वडीलधाऱ्यांचा त्या विधीसाठी आग्रह आहे त्यांना विचारा, आणि शेवटी विधी करणाऱ्याला. क्रम बदलू नका. अर्थ थेट जाणकाराकडून आणला, तर घरच्यांच्या मनात त्या विधीला काय स्थान आहे ते कळायचे राहून जाते.

मागे एक जोडपे माझ्याकडे हाच प्रश्न आणि हेच कार्ड घेऊन आले होते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून सांगते. त्यांच्या यादीत पाच गोष्टी होत्या: सर्व नातेवाइकांसमोर दोन्ही कुटुंबांनी एकमेकांचे स्वागत करणे, वधूचा हात तिच्या वडिलांनी वराच्या हाती सोपवणे, दोघांनाही न कळणाऱ्या भाषेतले दीर्घ पठण, परस्परांना द्यायची वचने आणि शेवटी मोठ्यांचे आशीर्वाद. स्वागत, वचने आणि आशीर्वाद यांच्यापुढचा उजवा स्तंभ त्यांनी स्वतःच अर्ध्या तासात भरला. पठणापुढे जागा कोरी राहिली. वडीलधाऱ्यांनाही अर्थ सांगता आला नाही, ‘पूर्वीपासून आहे’ एवढेच ते म्हणाले. विधी करणाऱ्याला विचारल्यावर त्याने आनंदाने अर्थ सांगितला, आणि तो ऐकून वराला त्यातला एक छोटा भाग इतका आवडला की तेवढा ठेवायचे ठरले, पण आधी मूळ शब्द आणि मग लगेच त्यांच्या भाषेत अर्थ, अशा रीतीने.

हात सोपवण्याचा विधी मात्र अडला, आणि तो ज्या प्रकारे अडला ते नीट पाहण्यासारखे आहे. तिथे उजवा स्तंभ कोरा नव्हता, भरलेला होता, पण वधूला तो अर्थ मान्य नव्हता: मुलगी एका घराच्या ताब्यातून दुसऱ्या घराच्या ताब्यात जाते. मी तिला वडिलांना आणखी एकदा विचारायला सांगितले, विधीचा अर्थ काय हे विचारायला नाही, तर त्या क्षणी त्यांना स्वतःला काय करायचे आहे हे विचारायला. वडील म्हणाले, मला तिच्याजवळ उभे राहायचे आहे, एवढेच. शेवटी चारही पालक आपापल्या मुलाशेजारी उभे राहिले, दोघांनी स्वतः एकमेकांचे हात धरले, आणि सोपवण्याचे शब्द गाळले गेले. विधीमागे माणसाला जे हवे होते ते राहिले, तिला नको असलेला अर्थ गेला.

ही पद्धत कुठे चुकते तेही सांगायला हवे. काही जण उजवा स्तंभ भरताना आपल्याला नको असलेल्या विधींपुढे मुद्दाम वाईट अर्थ लिहितात आणि हव्या असलेल्यांपुढे सुंदर. तुमच्याकडून तसे होते आहे का, हे ओळखायची साधी खूण अशी की तुम्ही लिहिलेला अर्थ त्या विधीचा आग्रह धरणाऱ्या माणसाला वाचून दाखवावा. ‘हो, मला हेच म्हणायचे होते,’ असे तो म्हणाला तर नोंद खरी आहे. तो गोंधळला किंवा दुखावला, तर तुम्ही त्याचा अर्थ लिहिलेला नाही, तुमचा राग लिहिला आहे. दुसरी चूक उलट दिशेची आहे. प्रत्येक विधीला काहीतरी गोड अर्थ सापडतोच, आणि मग सगळेच ठेवले जातात. म्हणून तिसरा प्रश्नही विचारा: हा अर्थ मी त्या क्षणी, सर्वांसमोर, माझ्या शब्दांत बोलू शकेन का? जे बोलताना तुमचा आवाज दबेल, ते ठेवू नका.

त्या दोन किल्ल्या मला इथेच उपयोगी पडतात. ख्रिस्ती परंपरेत किल्ल्यांचा अधिकार म्हणजे बांधण्याचा आणि सोडण्याचा, दोन्हींचा अधिकार. एकच किल्ली असती तर फक्त कुलूप लावता आले असते. परंपरेचा अधिकार ज्याला आपण देतो त्याला विधी लावताही यायला हवा आणि सोडताही. तुमचे लग्न जो कोणी लावणार असेल त्याला आधीच विचारून पाहा, यातले काही गाळता येईल का, आणि गाळले तर काय बिघडेल. जाणकार माणूस हे अनिवार्य आहे, हे ऐच्छिक आहे, हे स्थानिक प्रघातातून आले आहे, असे वेगवेगळे करून सांगतो, आणि तेव्हा यादी निम्म्यावर आलेली मी अनेकदा पाहिली आहे. एकही ओळ हलवता येणार नाही आणि का ते सांगणारही नाही, असे कोणी म्हटले, तर दुसऱ्या कोणाला विचारायला हरकत नाही.

साध्या लग्नाविषयी मला तितक्याच काळजीने बोलायचे आहे, कारण ‘साधे’ म्हणजे हायरोफंटशिवायचे लग्न, असा एक समज असतो. वेट यांनी या कार्डाला धर्माची बाहेरची, सर्वांना दिसणारी बाजू म्हटले आहे. आतली, न बोललेली बाजू दुसऱ्या कार्डाकडे, ‘हाय प्रीस्टेस’कडे आहे, जिच्या मागे पडदा आहे आणि जिच्या हातातली गुंडाळी अर्धी झाकलेली आहे. हायरोफंटच्या मागे पडदा नाही. तुमचे प्रेम तुमच्या दोघांत पूर्ण आहे, पण लग्न ही लोकांसमोर करायची गोष्ट आहे, मग ते लोक पाच असोत की पाचशे. कोणीतरी सुरुवात करावी लागते, कोणीतरी शब्द विचारावे लागतात, कोणीतरी ‘झाले’ असे जाहीर करावे लागते.

माझे स्वतःचे लग्न साधे झाले, आणि ही गोष्ट आम्ही विसरलो होतो. सह्या झाल्या, आम्ही मागे वळलो, आणि जमलेली माणसे तशीच उभी राहिली. माझ्या वडिलांनी हळूच विचारले, ‘झाले का ग?’ त्यांना आनंद करायचा होता आणि तो कधी करायचा हे त्यांना कोणी दाखवले नव्हते. इतकी वर्षे झाली, तरी तो प्रश्न माझ्या कानात आहे. म्हणून तुम्ही साधेपणाकडे झुकलात, तर दोघांनाही ओळखणाऱ्या, आवाज खणखणीत असलेल्या आणि भावनेच्या भरात शब्द न विसरणाऱ्या एका माणसाला हे काम आधीपासून द्या. तो धर्मगुरू असायलाच हवा असे नाही. वचने लिहून ठेवा, ती कोण आधी म्हणेल ते ठरवा, आणि शेवटचे वाक्य कोणते असेल हेही ठरवा. पुष्कळ ठिकाणी कायद्याची नोंदणी आणि सोहळा या वेगळ्या गोष्टी असतात, तेव्हा तुमच्या सोहळ्याला कायद्याची मान्यता कशाने मिळते, याची चौकशीही वेळेत करा. हे कार्डाचे काम नाही.

कार्डाचे काम नसलेली आणखी एक गोष्ट आहे. तुम्ही एकटीने प्रश्न विचारून एकटीने कार्ड काढले, पण चित्रात शिष्य दोन आहेत आणि त्यांची वस्त्रे वेगळी आहेत. गुलाब इच्छेचे आणि लिली निर्मळपणाची, असा अर्थ सहसा लावला जातो. मला त्यातून एवढेच दिसते की एकाच पुरोहितापुढे दोन माणसे वेगवेगळ्या कारणांनी येऊ शकतात. ‘आम्हा दोघांना’ असे तुम्ही लिहिले आहे, पण तुमच्या जोडीदाराला साधे लग्न नेमके का हवे आहे, ते पत्रात नाही. त्याला गर्दीचा त्रास होतो, की खर्च टाळायचा आहे, की श्रद्धा नाही, की तुम्हाला हवे म्हणून त्यालाही हवे आहे? दोघांनी वेगवेगळे कागद भरा आणि मगच शेजारी ठेवा. एकाच विधीपुढे तुमचे उत्तर ‘ठेवू’ आणि त्याचे ‘गाळू’ असे आले, तर घरच्यांशी बोलण्याआधी त्या ओळीवर एक पूर्ण संध्याकाळ द्या. घरच्यांसमोर गेल्यावर तुमच्यातला हा फरक बाहेर आला, तर चर्चा विधींवरून तुमच्या दोघांवर घसरेल.

घरच्यांकडे जाताना कार्ड सोबत नेऊ नका आणि ‘कार्डाने असे सांगितले’ असे म्हणू नका. तसे म्हटले, तर एका अधिकाराला दुसरा अधिकार दाखवून गप्प करण्याचा तो प्रयत्न होईल, आणि ज्या बंदिवासाची तुम्हाला भीती वाटते तोच तुम्ही त्यांना देऊ कराल. भरलेला कागद न्या. ठेवायच्या विधींपासून सुरुवात करा आणि प्रत्येकाचा अर्थ त्यांच्याकडूनच तुम्हाला कसा कळला ते सांगा. गाळायचे विधी त्यानंतर, कारणासह सांगा. वेट यांचा ‘फाजील दयाळूपणा’ हा शब्द त्या बैठकीत आठवा, कारण कोणाचे डोळे भरून आले की नको असलेल्या गोष्टीला आपण चटकन ‘बरं’ म्हणून बसतो. त्या दिवशी कशालाच ‘बरं’ म्हणू नका, ‘आम्ही दोघे बोलून दोन दिवसांत सांगतो’ असे म्हणा आणि दोन दिवसांत खरोखर सांगा.

तोवर गड्डी पेटीत ठेवा. बैठकीच्या आधी अगदीच काढावेसे वाटले, तर ‘पारंपरिक की साधे’ हा प्रश्न परत विचारू नका, कारण त्याचे उत्तर आता तुमच्या कागदावर येणार आहे. ‘आईबाबांचे बोलणे ऐकताना माझ्या लक्षात काय यायचे राहून जाते?’ असे विचारा, आणि त्यापूर्वी गड्डी टेबलावर पसरून दोन्ही हातांनी नीट कालवून घ्या.